पाच फूट पंप, पस्तीस फूट खाटा

निवृत्त झाल्यावर मी कर्जतला राहायला आलो आणि वर्षभरातच पुन्हा नोकरीला लागलो. बेत पुस्तकं वाचायचा होता. पण दुपारभर वाचत बसलेला माणूस शेजाऱ्यांना आजारी वाटतो, असा अनुभव आला. शिवाय मुंबईच्या एका कारखान्यात तीस वर्षं कॉस्टिंगचं काम केलेला माणूस इथे मोकळा बसला आहे, ही बातमी चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गोदामापर्यंत पोचलीच.

गोदाम खालापूर तालुक्यात, रस्त्यापासून जरा आत. मालक तिथलेच. सगळे त्यांना शेठ म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या घरची भाताची जमीन रस्त्यात आणि बंगल्यांत गेली होती. आलेल्या पैशाचं काय करायचं, याचा विचार त्यांनी इतरांपेक्षा बरा केला. ज्या लोकांनी जमिनी घेतल्या ते त्यावर फार्महाउस बांधणार, फार्महाउस आलं की पोहण्याचा तलाव आला, आणि तलावाचं पाणी कोणीतरी फिरवत ठेवायला हवं. म्हणून त्यांनी तलावाचे पंप चीनहून मागवून विकायला सुरुवात केली. पळसदरीपासून नेरळपर्यंत ज्या बंगल्यात मालक महिन्यातून दोन दिवस राहतो, तिथे आमचा पंप महिनाभर चालतो. धंद्याला हे प्रमाण फार चांगलं.

मी रुजू झालो तेव्हा आम्ही तिघंच पगारावर होतो. मी, पंपांचा मेकॅनिक आणि गोदामाच्या ताई.

मेकॅनिक पळसदरीकडचा. घरी थोडं भात, पावसाळ्यात भाजीपाला. वर्षाचं खाणं शेतातून निघे, रोख पैसा मात्र त्याच्या पगाराचाच. थोरली मुलगी पनवेलला नर्सिंग शिकत होती आणि तिची फी दर सहा महिन्यांनी येई. पंप बसवणं, दुरुस्त करणं, बंगल्याच्या माळ्याला वॉल्व कसा फिरवायचा ते शिकवणं, ही सगळी कामं त्याची. ताई कडावच्या. आलेला माल मोजून वहीत लिहायचा, गेलेला माल मोजून वहीत लिहायचा, आणि मधल्या काळात कोणी हात लावला तर ओरडायचं, असं त्यांचं काम होतं. ते त्या उत्तम करत.

माझं काम पंप आम्हाला दारात केवढ्याला पडतो ते सांगण्याचं. चीनच्या कारखान्याचं बिल ही त्याची सुरुवात असते, शेवट नव्हे. बिलावर जहाजाचं भाडं चढतं, विमा चढतो, मग सीमाशुल्क, मग बंदरावर माल उतरवण्याचे पैसे, कस्टमच्या एजंटाची फी, बंदरापासून गोदामापर्यंत ट्रेलरचं भाडं आणि शेवटी इथली हमाली. हे सगळं मिळवून नगांनी भागलं की एका पंपाची खरी किंमत येते, आणि न विकलेला पंप त्या किमतीने साठ्यात धरायचा असतो. जीएसटी मात्र यात धरायचा नाही, कारण तो पुढे परत वळता होतो. एकदा शेठ एका सत्कार समारंभात अडकले आणि त्यांच्या सहीअभावी कंटेनर बंदरातच पडून राहिला, त्याचा दंडही मी पंपांच्या किमतीत घातला नाही. तो माल आणण्याचा खर्च नव्हता, सत्काराचा होता. शेठना ते पटलं नाही, पण त्यांनी फार ताणलं नाही.

पहिल्या वर्षी मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक नियम बसवून दिला. सगळे वरचे खर्च एकत्र करायचे, चीनच्या बिलाच्या एकूण रकमेशी त्यांची टक्केवारी काढायची आणि प्रत्येक वस्तूच्या किमतीवर ती टक्केवारी चढवायची. एकच टक्का, सगळ्यांना सारखा. तेव्हा फक्त पंपच येत. दोन-तीन प्रकारचे, पण आकाराने आणि किमतीने भावंडंच. खर्च कसाही वाटून दिला तरी उत्तर तेच येई. नियम सोपा होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

मग खाटा आल्या.

त्यांचं बिलावरचं नाव वेगळं, इंग्रजी आणि भारदस्त होतं. तलावाकाठी आडवं पडून ऊन खायची ती वेताच्या विणीसारखी दिसणारी प्लास्टिकची लांब आरामखुर्ची. गोदामात पहिल्या दिवशीच हमालांनी तिचं नाव खाट ठेवलं आणि तेच राहिलं. शेठ एका प्रदर्शनाला गेले होते, तिथे त्यांना भविष्य दिसलं. पंप हा जमिनीखाली आवाज करणारा धंदा, तो कोणाला दाखवता येत नाही. खाट दाखवता येते. शेठनी गोदामाच्या पुढच्या भागात काच लावली, आत खोटं गवत पसरलं आणि त्यावर सहा खाटा मांडल्या. उद्घाटनाला मंडप, नारळ, फेटे, वर घिरट्या घालणारा ड्रोन. फीत कापणाऱ्या पाहुण्यांना खाटेवर आडवं होऊन दाखवण्याची विनंती झाली. पाहुणे फेट्यासकट आडवे झाले. उठताना दोघांना हात द्यावा लागला. बाहेरच्या फलकावरही तोवर ‘पंप’ हा शब्द जाऊन ‘लाइफस्टाइल’ हा आला होता.

खाटा खपत होत्या, हे खरं आहे. दर कंटेनरमध्ये त्यांची संख्या वाढत गेली. पंपही येतच होते, पण त्यांच्याविषयी कोणी बोलत नसे.

त्यानंतर एक वर्ष असं आलं की जहाजाचं भाडं एकाएकी चढलं. का चढलं, ते वर्तमानपत्रात रोज सविस्तर येई. आम्हाला एवढंच कळत होतं की तोच माल, तीच कंटेनरची पेटी, आणि आणायला पैसे जास्त. त्याच सुमारास शेठना कुठल्याशा परिषदेत कोणी सांगितलं की धंदा विभागवार बघावा. जो विभाग कमावत नाही, तो कापावा. परत आल्या आल्या त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. पंपात किती सुटतात, खाटेत किती.

मी कागद काढला. आकडे सोयीसाठी गोल सांगतो. एका कंटेनरमध्ये शंभर पंप, प्रत्येकी पंधरा हजारांचे, आणि तीनशे खाटा, प्रत्येकी पाच हजारांच्या. म्हणजे दोन्हीकडे पंधरा-पंधरा लाख, बिल तीस लाखांचं. वरचा खर्च नऊ लाख साठ हजार. तीस लाखांवर बत्तीस टक्के. बत्तीस टक्के चढवल्यावर पंप पडला एकोणीस हजार आठशेला आणि खाट सहा हजार सहाशेला. बाजारात पंप साडेएकोणीस हजारांच्या वर जात नव्हता. खाट साडेसात हजारांना सहज जात होती.

शेठनी कागद हातात धरला आणि दूरवर बघितलं.

“म्हणजे पंपामागे तीनशे रुपये मी खिशातले घालतो. आणि खाटेमागे नऊशे मिळतात.”

“कागदावर तसं दिसतं,” मी म्हणालो.

“कागदावर म्हणजे? कागद तुमचाच ना?”

माझाच होता. शेठनी तिथल्या तिथे निर्णय घेतला. पुढच्या ऑर्डरपासून पंप बंद. गोदामातले संपले की विभाग बंद. मेकॅनिकला महिनाअखेर मोकळं करायचं. त्याचा हिशेब मी काढायचा. सांगायचं काम मात्र शेठनी स्वतः केलं, मोटारीत बसता बसता, काच अर्धी खाली करून.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक माझ्या टेबलापाशी आला. ताई शेजारच्या पेटाऱ्यावर वही घेऊन बसल्या होत्या.

“काका, एक इचारू का? मी काय चुकलो?”

“चुकला नाहीस. पंपात तोटा आहे.”

“कोण म्हनतं?”

“हिशेब म्हणतो.”

“हिशेब कोन करतं?”

ताई वहीतून मान वर न करता म्हणाल्या, “मरूदे रं. काकांना काय इचारतोस? शेठनी सांगितलं ते ते लिवतात.”

हे माझ्याबद्दलचं सर्वांत उदार मत होतं आणि ते खरं नव्हतं. मी त्याला कागद दाखवला. तो पाना-पक्कडाचा माणूस, पण आकडे त्याला कळत. बोट फिरवत तो वरच्या खर्चापर्यंत आला आणि थांबला.

“हे पंपावर अठ्ठेचाळीसशे कसले लावले?”

“जहाजाचं भाडं, कस्टम, ट्रेलर, हमाली. सगळं मिळून.”

“एका पंपाला अठ्ठेचाळीसशे. आन् खाटेला?”

“सोळाशे.”

तो हसला. रागावलेला माणूस हसतो तसा नव्हे. खरोखरच गंमत वाटल्यासारखा.

“काका, तुमी कंटेनर उघडताना कधी बघितलाय?”

मी बघितला नव्हता. कंटेनर येतो तेव्हा मी आत, पंख्याखाली, त्याचे कागद बघत असतो.

“मी बघतो ना. दार उघडलं की पाच फूट माझे पंप. ते पण मीच सांगून दारात ठेवायला लावलेत, पयले उतरवून घ्यायला. त्याच्या मागं पस्तीस फूट खाटा. पार तळापासून छतापर्यंत. ताई, खोटं हाय का?”

“नाय,” ताई म्हणाल्या. “पंप उतरवायला चार जणांना चहा लागतो. खाटा उतरवायला चार जणांना जेवान.”

“आमच्याकडं पावसाळ्यात सगळ्यांचा मिळून एक टेंपो जातो कल्याणला,” मेकॅनिक पुढे म्हणाला. “कोनाची दुधी, कोनाची काकडी, एकजण चाफ्याची फुलं धाडतो. भाडं वाटायचं ते जागेवर. ज्याच्या दहा गोणी त्याचं दहाचं, ज्याची एक पेटी त्याचं एकाचं. चाफ्याची पेटी दुधीच्या दहा गोणींच्या मोलाची असंल, पन डायवर काय मोल बघतो? त्याची गाडी दुधीनं भरली. तुमी काय केलंय काका, दुधीवाल्याचं भाडं चाफ्यावाल्याकडून घेतलंय.”

ताई म्हणाल्या, “आमच्या कडावला असं कोन करंल तर दुसऱ्या दिवशी त्याला गाडीत घेणार नायत.”

तो गेल्यावर मी त्या कंटेनरची फाइल काढली. खरं सांगायचं तर आकडेमोडीला अर्धा तासही लागला नाही. नऊ लाख साठ हजारांतले चार लाख हे वाहतुकीचे आणि उतरवण्याचे होते: जहाज, बंदर, एजंट, ट्रेलर, हमाली. विमाही त्यातच होता. तो खरं तर किमतीवरच वाटायचा, पण इतका किरकोळ की त्याच्यासाठी वेगळी ओळ काढण्यात अर्थ नव्हता. बाकी जहाजवाल्याने आम्हाला एक पेटी भाड्याने दिली होती, मालाची किंमत बघून दिली नव्हती. ती पेटी वजनाने भरली नव्हती, जागेने भरली होती. आठ भागांतले सात खाटांनी अडवले होते. म्हणजे चार लाखांतले साडेतीन लाख खाटांचे आणि पन्नास हजार पंपांचे. एका पंपाला पाचशे.

उरलेले पाच लाख साठ हजार सीमाशुल्काचे. इथे तर जागेचाही प्रश्न नव्हता. कस्टमच्या कागदावर प्रत्येक मालापुढे त्याचं त्याचं शुल्क वेगळं छापलेलं असतं. पंपावर दर कमी, फर्निचरवर तिपटीहून थोडा जास्त. पंपांचं शुल्क एक लाख तीस हजार, खाटांचं चार लाख तीस हजार. हे वाटायचंच नव्हतं, नुसतं वाचायचं होतं. मी मात्र दोन्ही आकड्यांची बेरीज करून, त्यांना एकत्र ढवळून, पुन्हा निम्मं-निम्मं वाटून टाकलं होतं. दर कंटेनरला, दोन वर्षं.

नवीन हिशेबाने पंप पडत होता सोळा हजार आठशेला. विकला की सत्तावीसशे सुटत. खाट पडत होती सात हजार सहाशेला. विकली की शंभर रुपये खिशातले जात.

तीस वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या अशा चुका काढून पगार घेतला होता. चूक काढताना जो एक शांत, कोरडा आवाज मी वापरत असे, तो त्या दुपारी मला सापडेना. शिवाय ही चूक अज्ञानातून झाली नव्हती. भाडं जागेवर वाटायचं, हे मला माहीत होतं. सुरुवातीला अर्ध्या कंटेनरचा माल यायचा तेव्हा भाड्याचं बिल घनमीटरवरच येई, आणि ते मीच फाइलला लावत असे. चूक इतकीच होती की गोदामात नवा माल आला आणि मी जुना नियम उघडून बघितला नाही. सोप्या नियमाचं असंच असतं. तो चालू आहे की नाही हेच विसरायला होतं.

संध्याकाळी शेठना कागद दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

“काल खाटेत नऊशे मिळत होते. आज शंभर जातात. उद्या काय सांगणार, साहेब?”

“उद्याही हेच.”

“खाट तीच, पंप तोच, खर्च तोच.”

“खर्च तोच. एकूण रकमेत एक रुपयाचा फरक नाही. कोणावर किती घालायचा, तेवढंच बदललं.”

“मग तुम्ही पाहिजे तसं फिरवू शकता. मला पाहिजे तसं फिरवून द्या ना.”

“फिरवता येत नाही. कंटेनर उघडलात तर दिसेल.”

शेठना कागदापेक्षा देखावा जास्त पटतो, हे मला ठाऊक होतं. चार दिवसांनी कंटेनर येणार होता. मी म्हटलं, त्या दिवशी पुढे उभे राहा.

ते उभे राहिले. काळा चष्मा, पांढरा शर्ट, हातात पाण्याची बाटली. ट्रेलर मागे घेतला, सील तोडलं, दार उघडलं. मेकॅनिकने पंपांचे खोके उतरवून घेतले. वीस मिनिटं लागली. मग त्याने आत रिकाम्या झालेल्या जागेवर मोजपट्टी टाकली आणि मोठ्याने वाचलं, “पाच फूट, शेठ.” पुढे खाटांची भिंत होती. हमालांनी ती उपसायला घेतली. शेठ उभे होते. अर्ध्या तासाने त्यांनी खुर्ची मागवली. तासाने छत्री. ताई एकेक खोका वहीत टिपत होत्या आणि दर पन्नास झाले की आकडा ओरडून सांगत होत्या, शेठना ऐकू जाईल अशा बेताने. दोनशेच्या सुमारास शेठनी विचारलं, “अजून किती?”

“अजून शंभर, शेठ. तुमी घरी जावा, मी लिवते.”

ते गेले नाहीत. तीनशेवी खाट उतरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“हा नियम सॉफ्टवेअरमध्ये कोणी घातला होता?”

हा प्रश्न चार दिवस आला नव्हता. मीही तो काढला नव्हता. चार दिवसांत मी दोनदा ठरवलं होतं सांगायचं आणि दोनदा जेवायला गेलो होतो.

“मी.”

शेठ माझ्याकडे बघत राहिले. माझा अंदाज होता, की आता मलाही मोटारीची काच अर्धी खाली होताना दिसेल. पण ते वेगळ्याच विचारात होते.

“एका रिसॉर्टची खाटांची ऑर्डर मी साडेसात हजारांनी घेतलीय. तीनशे नग. ॲडव्हान्स घेतलाय. फोटो काढलेत हो त्यांच्याबरोबर!”

“मग तीस हजार जातील.”

“आणि बाहेर कोणाला कळलं तर?”

“कळायचं कारण नाही. फोटोत दिसत नाही.”

ऑर्डर त्यांनी पाळली. याचं श्रेय द्यायला हवं. रिसॉर्टने ती खेप उचलेपर्यंत वर्षाचा शेवट आला, तेव्हा त्या खाटा साठ्यात साडेसात हजारांनीच धरल्या. सात हजार सहाशेला पडलेली वस्तू साडेसातला जाणार हे ठरलेलं असताना तिला सात हजार सहाशेची म्हणणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. साठ्यातल्या पंपांची किंमतही नव्या हिशेबाने खाली आणली. मी सॉफ्टवेअरमधला नियम मोडला आणि दोन घातले: शुल्क ज्याचं त्याला, भाडं जागेवर. ताईंच्या वहीत आता प्रत्येक मालापुढे किती फूट, हा एक रकाना जास्त आहे. शेठनी खाटेचा दर वाढवून नऊ हजार केला आणि त्यानंतर ती इतकी सहज जाईना.

पंप बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पण चालू ठेवण्याचाही निघाला नाही. शेठना स्वतःचा निर्णय मागे घेताना कोणी बघितलेलं आवडत नाही. तो महिना संपत आला तरी मेकॅनिकला कोणी काही सांगेना.

त्याने त्याआधीच माझ्याकडे येऊन सगळं ऐकून घेतलं होतं. नियम माझा होता, हेही मी सांगितलं.

“म्हंजे मला शेठ नाय, तुमी काढत व्हता.”

“हो.”

“बरं झालं इचारलं मग.” एवढं बोलून त्याने नव्या कागदाची प्रत मागितली. मी दिली. देऊ नये, हे मला कळत होतं. मालकाच्या नफ्याचा आकडा नोकराच्या खिशात घालणं हे माझ्या जुन्या कारखान्यात बडतर्फीचं कारण होतं. पण त्याच्या नोकरीची किंमत मी दोन वर्षं चुकीची लिहीत होतो. दुरुस्तीची एक प्रत त्याला मिळायला हरकत नव्हती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो शेठच्या केबिनमध्ये गेला. मलाही बोलावणं आलं.

“शेठ, आज माझा शेवटचा दिवस. हिशेब द्या.”

“कसला शेवटचा? कोण म्हणालं?” शेठ म्हणाले.

“तुमी. गाडीत बसून.”

“ते तसं नव्हतं रे. तू आपला माणूस आहेस.”

“मग ऱ्हायचं का?”

“राहायचं म्हणजे काय, राहायचंच!”

“खोपोलीला एकजण बोलवतोय. पाच हजार जास्त देतो म्हनतो.” खिशातून त्याने घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. “पंपामागं सत्तावीसशे. शंभर पंप, दोन लाख सत्तर हजार. वर्षाला चार कंटेनर. काका, दहा लाख ऐंशी हजार, बरोबर ना?”

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “त्यातून पगार, गोदामाचं भाडं, गाडीचं पेट्रोल जायचं.”

“जाऊ दे ना. जाऊन उरतंय ते बी मीच बसवलेल्या पंपाचं हाय. दुसरा मेकॅनिक आणा, माळ्यांची नावं त्याला पाठ व्हायला वरीस लागंल.”

“हा कागद तुझ्याकडे कसा?” शेठनी विचारलं.

“मी दिला,” मी म्हणालो.

शेठ खुर्चीत मागे रेलले. त्यांनी टेबलाचा खण उघडला, त्यातून नव्या व्हिजिटिंग कार्डांचा नमुना काढला आणि त्याच्यापुढे सरकवला.

“हे बघ. तुझ्यासाठीच करणार होतो. जनरल मॅनेजर, टेक्निकल. सोनेरी अक्षरात.”

त्याने कार्ड उचललं, पालथं करून मागे काही लिहिलंय का बघितलं आणि परत ठेवलं.

“हे ऱ्हाऊ दे, शेठ. पाच हजार लिवा.”

“अरे, मॅनेजर म्हणून बंगल्यावर गेलास तर लोक उठून उभे राहतील.”

“आन् पंप कोन खोलंल? मॅनेजर झाल्यावर माझ्या हातात पाना बघून लोक इचारतील, तुमच्याकडं मेकॅनिक नाय का म्हनून.”

पाऊण तास चाललं. दोन हजारांपासून सुरू झालं. मधे चहा आला. एकदा शेठनी परिषदेतल्या कोणाचं वाक्य सांगितलं, त्यावर त्याने त्या माणसाला पंप बसवता येतो का, असं विचारलं. खोपोलीचा माणूस खरा होता की नाही, हे मला आजही माहीत नाही. साडेतीन हजारांवर आलं तेव्हा दोघंही थकले होते.

“ठीक. साडेतीन. एक तारखेपासून,” शेठ म्हणाले.

“कागदावर.”

“माझ्या शब्दावर विश्वास नाही?”

“हाय ना. पन जा म्हनून बी तुमी शब्दावरच सांगितलं व्हतं.”

मी बाहेर येऊन पत्र टाइप केलं. चार ओळींचं झालं. पद जुनंच ठेवलं. शेठनी सही केली आणि सवयीने तारखेखाली रेघ मारली. मेकॅनिकने ते उभ्यानेच वाचलं, रकमेवर अंगठा फिरवून पुन्हा एकदा वाचलं, आणि कर्जतच्या एका बंगल्यावर तक्रार होती, तिकडे निघून गेला.